सलग वाजणारा बेस आणि हरवणारी किक : साइडचेनचा माझा अनुभव

यंदाच्या जूनमध्ये एका इलेक्ट्रॉनिक ट्रॅकचे काम हाती घेतले आणि ऑगस्टच्या अखेरीस ते हातावेगळे झाले. मधल्या काळातला बराचसा वेळ एकाच गोष्टीत गेला, ती म्हणजे न तुटता वाजत राहणाऱ्या बेसमध्ये किकचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या सर्वांत मोठ्या ढोलाचा, ठोका दरवेळी सारखा आणि स्पष्ट ऐकू आला पाहिजे. साइडचेन कॉम्प्रेशन, म्हणजे एका वाद्याच्या इशाऱ्याने दुसऱ्याचा आवाज तेवढ्यापुरता दाबणे, शिकवणारे बहुतेक व्हिडिओ जोडणी कशी करायची एवढे दाखवून थांबतात आणि खरी अडचण जोडणी झाल्यानंतर सुरू होते. कोल्हापुरात याविषयी समोर बसून विचारावे असे मला फारसे कोणी सापडले नाही, म्हणून जे जसे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

ट्रॅकचा वेग १२५ बीपीएम, म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत ४८० मिलिसेकंद. किक प्रत्येक ठोक्यावर. बेस मात्र एकाच स्वरावर चार बार, म्हणजे सोळा ठोके, अखंड धरलेला. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पांढरी चार, तीही अगदी खालच्या सप्तकातली, जिची वारंवारता ४३.६५ हर्ट्‌झ भरते. किकचा आवाज वरून झपाट्याने घसरत येऊन साधारण ५२ हर्ट्‌झवर स्थिरावत होता आणि त्याचे शेपूट ३२० मिलिसेकंदांपर्यंत रेंगाळत होते. थोडक्यात, दोघांचे बस्तान एकाच जागी होते.

१४ जूनला माझा आतेभाऊ घरी आला होता. त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे, गणपतीत त्याची डॉल्बी तालुकाभर फिरते, आणि तो आवाजाविषयी बोलतो ते यंत्रावरचे आकडे पाहून नव्हे, छातीवर काय आदळते त्यावरून. त्याने हेडफोन लावून दोनदा ऐकले आणि म्हणाला, “ताई, बेस झकास हाय, पण ठोका मधीच बारीक हुतोय बघ. पहिल्या बारात छातीत बसतोय, तिसऱ्या बारात गायबच.” मी किकचा एकच नमुना सगळीकडे वापरला होता आणि त्याची पातळीही कुठे बदललेली नव्हती, त्यामुळे त्याचे म्हणणे मला आधी पटले नाही. मग किक आणि बेस एवढेच ठेवून मीटर पाहिला. किक एकटी वाजवली की प्रत्येक ठोका बरोबर उणे ६ डेसिबलवर येत होता. बेससकट वाजवली की पहिला ठोका उणे २ च्या आसपास आणि तिसऱ्या बारातले ठोके त्याहून कितीतरी खाली.

याचे कारण कागदावर मांडल्यावर सापडले. ४३.६५ हर्ट्‌झच्या लहरीची ४८० मिलिसेकंदांत २०.९५ आवर्तने होतात. ती बरोबर २१ झाली असती तर प्रत्येक किक बेसच्या लहरीला एकाच जागी भेटली असती. आवर्तनाचा विसावा भाग कमी पडतो, म्हणून बेसची लहर दर ठोक्याला तेवढी मागे सरकते आणि अकराव्या ठोक्याच्या सुमारास अर्धे आवर्तन मागे पडलेली असते. पहिल्या ठोक्याला किक आणि बेस एकमेकांना हात देत असतील, तर तिसऱ्या बारात तेच दोघे एकमेकांना खोडत असतात. माझा सिंथ प्रत्येक नव्या स्वराला लहर शून्यापासून सुरू करत होता, त्यामुळे हा खड्डा दरवेळी त्याच जागी पडत होता. लहर मोकळी सोडणाऱ्या सिंथमध्ये तो दर फेरीला वेगळ्या ठिकाणी पडतो आणि पकडायला आणखी अवघड जातो.

आवाज वाढवून यातून सुटका होत नाही, हेही यातूनच कळते, कारण किक वर नेली की जे ठोके आधीच जोरात आहेत ते आणखी जोरात होतात. इक्वलायझरने बेसमधला ५० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग कापून पाहिला, पण तिथेच बेसचा मूळ स्वर असल्याने चार बारांचा तो भरीव नाद पातळ झाला. किक वाजत असेल तेवढ्यापुरताच बेस खाली बसावा आणि लगेच उठावा, हाच एक मार्ग उरला.

या कामासाठी मी रीपर हे संगीत ध्वनिमुद्रण आणि मिश्रणाचे सॉफ्टवेअर वापरले. त्याची चाचणीची मुदत ६० दिवसांची आहे आणि ती संपत आली होती, म्हणून वैयक्तिक वापराचा ६० डॉलरचा परवाना घ्यायचे ठरवले. इथे एक सरकारी थाटाचा अडथळा आला. माझ्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते आणि अ‍ॅपमधून ते सुरू होईनात. २३ जूनला बँकेच्या शाखेत जाऊन अर्ज भरला, पॅन कार्डाची सही केलेली प्रत जोडली, आणि “दोन दिवसांत होईल” असे सांगितलेले काम पुढच्या आठवड्यात झाले. परकीय चलनाचे शुल्क धरून खात्यातून पाच हजारांहून थोडी अधिक रक्कम गेली. परवाना घेणार असाल तर कार्डाची ही सोय आधी करून ठेवावी. मात्र साइडचेन शिकण्यासाठी एक पैसाही खर्च करण्याची गरज नाही, कारण लागणारा कॉम्प्रेसर, ReaComp, रीपरसोबतच मिळतो.

जोडणी अशी आहे. किकच्या ट्रॅकवरून बेसच्या ट्रॅकवर एक सेंड, म्हणजे आवाजाची दुसरी वाट, काढायचा आणि तो बेसच्या १/२ या नेहमीच्या चॅनेलवर न पाठवता 3/4 वर पाठवायचा, म्हणजे किकचा आवाज बेसमध्ये मिसळत नाही, कॉम्प्रेसरला फक्त ऐकू जातो. मग बेसच्या ट्रॅकवर ReaComp लावून त्यातल्या Detector input या यादीत Auxiliary ने सुरू होणारा L+R चा पर्याय निवडायचा. यापुढे कॉम्प्रेसर दाबतो बेसला, पण कधी दाबायचे हे ठरवतो किक ऐकून. रेडिओवर निवेदक बोलू लागला की मागचे संगीत आपोआप खाली जाते, त्यामागेही हीच व्यवस्था असते. Auto make-up ची खूण मात्र काढून टाकावी, नाहीतर एका हाताने दाबलेला बेस कॉम्प्रेसर दुसऱ्या हाताने वर उचलतो.

जुलैचा पहिला पंधरवडा धो धो पावसाचा होता आणि बाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसांत मी हीच सरळ जोडणी वेगवेगळ्या आकड्यांवर ऐकली आणि तिच्या दोन खोडी समोर आल्या. पहिली खोड शेपटाची. किकचे शेपूट थ्रेशोल्डच्या, म्हणजे ज्या पातळीपासून कॉम्प्रेसर दाबायला लागतो तिच्या, खाली उतरेपर्यंत कॉम्प्रेसर बेसला सोडत नाही, आणि आपण लावलेला रिलीज, म्हणजे बेस परत वर येण्याचा वेळ, त्यानंतर मोजायला सुरुवात होते. माझ्या किकचे शेपूट दोनशेहून अधिक मिलिसेकंद थ्रेशोल्डच्या वर राहत होते, त्यामुळे बेस पुरता वर येतो न येतो तोच पुढची किक हजर. ऐकताना याची खूण अशी की, ठोका स्पष्ट होतो पण गाण्याचा तळच गेल्यासारखा वाटतो आणि आपण नकळत बेसचा फेडर वर सारू लागतो.

दुसरी खोड अधिक छुपी आहे. ५२ हर्ट्‌झच्या लहरीचा एक फेरा सुमारे १९ मिलिसेकंदांचा असतो. रिलीज फार कमी ठेवला तर कॉम्प्रेसर किकचा एकूण आकार न पाहता तिच्या प्रत्येक लहरीमागे धावतो, म्हणजे एका ठोक्याच्या आतच बेसला अनेकदा दाबतो आणि सोडतो. बेस एकटा ऐकला तर प्रत्येक ठोक्यापाशी खरखरीत गुरगुर ऐकू येते. सगळी वाद्ये चालू असताना ती लपते आणि मोठ्या स्पीकरवर नको तेव्हा बाहेर येते. म्हणून कॉम्प्रेसर लावला की बेस एकटा वाजवून ऐकायची सवय ठेवावी.

दोन्ही खोडींचे मूळ एकच होते. जी किक श्रोत्यांना ऐकवायची आहे, तिच्याकडूनच कॉम्प्रेसरला इशारा मिळत होता, आणि कानाला हवा तो आकार व कॉम्प्रेसरला सोयीचा आकार हे वेगवेगळे असतात. १८ जुलैला मी इशाऱ्यासाठी वेगळा ट्रॅक केला. त्यात किकच्या प्रत्येक जागी १००० हर्ट्‌झचा साधा, सपाट, बरोबर ९० मिलिसेकंदांचा सूर ठेवला, त्याची पातळी उणे ६ डेसिबलवर बांधली आणि त्या ट्रॅकचा मास्टरकडे, म्हणजे अंतिम मिश्रणाकडे, जाणारा रस्ता बंद केला. तो बंद करायचा राहिला तर गाण्यात चारही ठोक्यांना रेल्वे स्थानकावरची सूचना सुरू होण्यापूर्वी वाजते तशी शिट्टी ऐकू येते, त्यामुळे हे विसरणे शक्य नाही. बेसकडे जाणारा सेंड आता किकऐवजी या ट्रॅकवरून काढला. १००० हर्ट्‌झचा फेरा एका मिलिसेकंदाचा असल्याने लहरीमागे धावण्याचा प्रश्न मिटला, आणि सूर जितका लांब तितकाच वेळ बेस खाली धरला जात असल्याने शेपटाचाही मिटला.

आता बेस किती दाबायचा हे नीट मोजता आले. कॉम्प्रेसर बाहेरचा इशारा ऐकत असेल तेव्हा घट किती होणार हे बेसच्या पातळीवर अवलंबून नसते, इशारा थ्रेशोल्डच्या किती वर आहे यावर असते. इशारा उणे ६ वर, थ्रेशोल्ड उणे २२ वर, म्हणजे इशारा १६ डेसिबल वर. रेशो ४ ला १ असेल तर त्या सोळातले चारच शिल्लक राहतात आणि १२ डेसिबलची घट मिळते. RMS size शून्यावर ठेवले तर हे गणित मीटरवर जवळपास तसेच उतरते. इशाऱ्याच्या ट्रॅकचा फेडर हलवला की सेंडची पातळीही हलते आणि घट बदलते, तेव्हा तो एकदा लावून झाला की त्याला हात लावू नये.

बारा डेसिबल ही घट पाठ्यपुस्तकी सल्ल्यांच्या मानाने बरीच आहे. पाच-सहा डेसिबल पुरतात असे सर्वत्र वाचायला मिळते आणि तुटक बेससाठी ते खरेही असेल. माझा बेस एकटा उणे १० वर होता. किक आणि बेस या दोन्ही शुद्ध लहरी मानल्या, तर काहीच न दाबता दोघांची बेरीज उणे २ पासून उणे १५ पर्यंत कुठेही पडू शकते, म्हणजे ठोक्याठोक्यात १३ डेसिबलचा फरक. बेस ६ डेसिबलने दाबला तर हा फरक ६ वर येतो आणि १२ ने दाबला तर ३ च्याही किंचित खाली. प्रत्यक्षात किक ही शुद्ध लहर नसते, त्यामुळे मीटरवरचे फरक यापेक्षा कमी होते, पण क्रम हाच होता. तिसऱ्या बारातली किक पहिल्या बारासारखी वाटू लागली ती घट १० च्या पुढे गेल्यावरच. त्या रात्री आतेभावाला फाइल पाठवली. त्याचे उत्तर आले, “आता कसं, सगळं ठोकं एका मापाचं.”

अटॅकने, म्हणजे बेस खाली दाबायला लागणाऱ्या वेळाने, मात्र आणखी काही दिवस घेतले. तो शून्यावर ठेवला की बेसची लहर जिथे असेल तिथे कापली जाते आणि बेस एकटा ऐकताना बारीक ‘टक’ असा आवाज येतो. १५ मिलिसेकंदांपर्यंत वाढवला की टक नाहीशी होते, पण किकचा आरंभ बेसमध्ये बुडतो आणि ठोका बोथट लागतो. मी अटॅक ४ मिलिसेकंदांवर ठेवला आणि Pre-comp ला ५ दिले, म्हणजे कॉम्प्रेसर पाच मिलिसेकंद पुढचे पाहून किक येण्याआधीच बेस उतरवायला घेतो. त्यामुळे होणारा उशीर रीपर स्वतः भरून काढते. इशाऱ्याचा सूर हाताने थोडा अलीकडे सरकवला तरी परिणाम तोच मिळतो, ज्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये ही सोय नाही त्यांनी तसे करावे.

रिलीजविषयी माझे मत असे झाले आहे की सलग बेसमध्ये श्रोत्याला बेस खाली जाताना कळतच नाही, कारण त्या क्षणी किक वाजत असते. त्याला ऐकू येते ते बेसचे परत येणे, आणि गाण्याचा झोका तिथेच ठरतो. दोन ठोक्यांच्या मधोमध, २४० मिलिसेकंदांवर, माझी हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांज, पडते. बेस तिच्या आधी जवळजवळ पूर्ण परतावा असे मी ठरवले. ९० मिलिसेकंद इशाऱ्यात गेले, उरले १५०. घुंडीवरचा आकडा प्रत्येक कॉम्प्रेसरमध्ये निराळ्या रीतीने मोजला जातो, म्हणून त्यावर विसंबण्यापेक्षा बेस एकटा रेंडर करून त्याचा आकार पडद्यावर मोठा करून पाहावा. प्रत्येक ठोक्यापाशी एक कंबर दिसते, आणि ती कुठे भरून येते ते पट्टीवर वाचता येते. माझ्याकडे रिलीज ७० वर असताना कंबर हॅटच्या किंचित आधी भरत होती. १५० वर नेला तर ती पुढच्या किकपर्यंत रेंगाळत होती आणि गाणे दम लागल्यासारखे वाटत होते. काही शैलींत तोच दम हवा असतो, इथे नको होता.

२ ऑगस्टला आतेभावाच्या पाचगाव रस्त्यावरच्या गोडाऊनमध्ये १८ इंची बेसच्या पेट्यांवर चाचणी केली. पेट्या काढायला आलेल्या दोन मुलांची मजुरी आणि जनरेटरचे डिझेल मिळून बाराशे रुपये मी दिले. भाऊ नको म्हणत होता, पण हंगामाच्या तोंडावर त्याचा अर्धा दिवस गेला होता. पत्र्याच्या छपराखाली पहिल्यांदा वाजवले तेव्हा निराशा झाली. ठोका आणि बेस पुन्हा एकमेकांत गुंतलेले. मग त्याने दोन पेट्या बाहेर अंगणात ओढायला लावल्या आणि तिथे सगळे मोकळे झाले. साइडचेनची खरी मर्यादा इथे दिसते. बंदिस्त जागेत खालचे स्वर भिंतींमध्ये घुमत राहतात, त्यामुळे सिग्नलमध्ये बेस ९० मिलिसेकंद खाली गेला तरी खोलीतला बेस तेवढ्यात विरत नाही. अशा वेळी इशारा लांबवून उपयोग नसतो, कारण मग बाहेर ऐकणाऱ्याला बेस तुटक लागतो. मिश्रण कुठे ऐकून ठरवायचे एवढेच आपल्या हातात असते. भावाने आणखी एक गोष्ट दाखवली. जुनी फाइल लावली की पहिल्या बारात त्याच्या प्रोसेसरवरचा लिमिटरचा लाल दिवा दर ठोक्याला लागायचा, नव्या फाइलमध्ये त्याच आवाजावर तो क्वचितच लागला.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी एक छोटा बदल मागाहून केला. फोनच्या स्पीकरला ४४ हर्ट्‌झ पेलतच नाहीत, तिथे बेसचा वरचा, घासट भाग तेवढा ऐकू येतो, आणि तोही १२ डेसिबलने हिसका खात होता. म्हणून बेस १५० हर्ट्‌झपाशी दोन ट्रॅकमध्ये विभागला, खालच्याला पूर्ण घट ठेवली आणि वरच्याला ४ डेसिबलच दिली. अशी विभागणी केल्यावर दोन्ही भाग एकत्र ऐकून मूळ बेसशी ताडून पाहावेत, कारण फिल्टरमुळे जोडाच्या जागी रंग थोडा बदलतो.

फाइल वितरकाकडे १० ऑगस्टला चढवली. त्यांचा अर्ज, ३००० बाय ३००० पिक्सेलचे मुखपृष्ठ, पुन्हा एकदा पॅन, आणि प्रकाशनाची तारीख पुढची ठेवण्याची अट, हे सारे उरकेपर्यंत मंजुरी यायला महिनाअखेर उजाडली.

दरम्यान भावाने त्याच ट्रॅकची १४० बीपीएमची आवृत्ती मागितली. वेग वाढवून जुन्याच आकड्यांवर वाजवले तेव्हा बेस हॅटच्या मागे पडू लागला. ठोक्यांमधले अंतर आता ४२९ मिलिसेकंदांच्या जवळ आले होते आणि हॅट २१४ वर पडत होती. इशाऱ्याचा सूर ७५ मिलिसेकंदांवर आणला आणि रिलीज ६५ वर. दुसरी गोष्ट माझ्या अपेक्षेत नव्हती. या वेगाला एका ठोक्यात बेसची १८.७१ आवर्तने होतात, म्हणजे तो दर ठोक्याला पाव आवर्तनाहून अधिक सरकतो. किक आता तिसऱ्या बारापर्यंत हळूहळू बारीक होण्याऐवजी प्रत्येक ठोक्याला वेगळी पडत होती आणि वाजवणाऱ्याचा हात अडखळल्यासारखी वाटत होती. बारा डेसिबलमध्येही थोडा फरक कानाला जाणवत होता. थ्रेशोल्ड उणे २६ वर नेऊन घट १५ केली तेव्हा तो गेला. त्या आवृत्तीत बेस थोडा अधिक उसळतो, पण भावाच्या पेट्यांवर तीच जास्त वाजते.